मेटफॉर्मिन सुरू केल्यावर बिघडलेलं पोट आणि तोंडाची कळकट चव: एका शिक्षिकेचं प्रकरण

वय ५४, प्राथमिक शाळेत शिक्षिका, राहायला सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. बाई माझ्याकडे आल्या त्या साखरेसाठी नाही, जुलाबासाठी. साखरेचे कागद पिशवीत होते, पण ते त्यांनी मी मागितल्यावरच काढले.

मुलाकडे पुण्याला गेल्या असताना तिथे सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. उपाशीपोटी साखर १५८, जेवणानंतर २४६, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ८.१ टक्के. क्रिएटिनिन ०.८, म्हणजे किडनीचं काम उत्तम. तिथल्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, १-०-१ असं लिहून दिलं. औषध योग्य होतं. नव्याने मधुमेह निघालेल्या आणि किडनी धड असलेल्या माणसाला मीही बहुतेक वेळा हेच दिलं असतं. चिठ्ठीवर गोळी जेवणाच्या संदर्भात कधी घ्यायची ते मात्र कुठेच नव्हतं. तोंडी सांगितलं असेलही, पण बाईंना ते आठवत नव्हतं, आणि पहिल्यांदा ‘तुम्हाला डायबेटिस आहे’ हे ऐकलेल्या माणसाला त्यापुढचं काही आठवत नसतं हा रोजचा अनुभव आहे.

तिसऱ्या दिवसापासून पोटात गुरगुरायला लागलं. सकाळी शाळेत पोचेपर्यंत मळमळ, मग दोन-तीनदा पातळ शौचाला. वर्ग सोडून जायचं, मुलं एकटी, शाळेतल्या स्वच्छतागृहाला कधी पाणी असतं, कधी नसतं. दहाएक दिवस काढले आणि बाईंनी गोळी आपली आपण बंद केली. दोन दिवसांत पोट जागेवर आलं. महिन्याने पुण्याच्या डॉक्टरांना फोनवर साखर कळवली: उपाशीपोटी १५२. गोळी घेत नाही हे सांगायचं राहून गेलं. ‘राहून गेलं’ हा त्यांचा शब्द. थोड्या वेळाने त्यांनीच सांगितलं, की संकोच वाटला, डॉक्टर रागावतील असं वाटलं.

डॉक्टरांच्या बाजूने पाहिलं तर गोळी चालू आहे आणि साखर हलत नाही. त्यांनी मात्रा वाढवली. आता १००० मिलिग्रॅमची गोळी, दोन वेळा. म्हणजे शरीर आठवडे झाले मेटफॉर्मिन विसरलेलं, आणि एकदम दिवसाला २००० मिलिग्रॅम. बाईंनी या वेळी प्रामाणिकपणे घ्यायचं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी उलट्या सुरू झाल्या. औषधाच्या दुकानातून जुलाबाच्या गोळ्या आणल्या. जुलाब थोडे कमी झाले, पण तोंडाची चव पार गेली. चौथ्या दिवशी त्या माझ्यासमोर बसल्या होत्या.

‘डॉक्टर, चहा प्यायला तरी कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यातला वाटतो. कळकलेला. पाणीसुद्धा तसंच लागतं.’

धातूसारखी चव म्हणजे काय, हे याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

अशा वेळी पहिलं काम म्हणजे माणूस आत्ता धोक्यात आहे का ते पाहणं. ताप नव्हता. शौचात रक्त नव्हतं. जीभ थोडी कोरडी होती, पण लघवी नेहमीसारखी होत होती, उठून उभं राहिल्यावर चक्कर येत नव्हती, नाडी आणि रक्तदाब ठीक होते. पोट मऊ, कुठे दाबल्यावर दुखत नव्हतं. श्वास शांत होता. श्वासाकडे का पाहायचं ते पुढे येईल. वजन महिन्या-दीड महिन्यात दीड किलो उतरलेलं. जेवण कमी झालेलं आणि साखर वाढलेली, त्यामुळे त्याचं नवल नव्हतं. उलट्या-जुलाब होऊन गेलेले असल्याने क्रिएटिनिन त्याच दिवशी पुन्हा करायला सांगितलं. संध्याकाळी ०.९ आलं.

मग गोळ्यांची चौकशी. ‘गोळी कधी घेता?’ या प्रश्नाला ‘सकाळ-संध्याकाळ’ असं उत्तर मिळतं आणि त्यातून काहीच कळत नाही. म्हणून मी विचारतो: सकाळी उठल्यापासून पहिल्या खऱ्या जेवणापर्यंत पोटात काय काय जातं ते घड्याळाप्रमाणे सांगा. बाईंनी सांगितलं ते असं. साडेपाचला उठणं, कोमट पाण्यातून चमचाभर मेथीची पूड, कारण शेजारच्या वहिनींची साखर त्याने उतरली होती. सव्वासहाला कोरा चहा, आणि त्याबरोबर गोळी. शाळा सकाळच्या सत्राची, सव्वासातला भरते. नऊच्या सुमारास शिक्षकांच्या खोलीत चहा आणि दोन-तीन शुगर-फ्री बिस्किटं. डबा दहाच्या मधल्या सुट्टीत. संध्याकाळची गोळी सातला, जेवण सगळ्यांना वाढून झाल्यावर नऊला.

म्हणजे दिवसातली प्रत्येक गोळी रिकाम्या पोटी जात होती, एक जेवणाआधी जवळजवळ चार तास आणि दुसरी दोन तास.

‘गोळी चहाबरोबर घ्या असं कुणी सांगितलं?’

‘कुणी नाही. हे त्यांची शुगरची गोळी तेव्हाच घेतात, नाश्त्याच्या आधी. मग मीही त्यांच्याबरोबरच घेते. शुगरची गोळी उपाशीपोटीच घ्यायची असते ना?’

हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे, की त्यावर थोडं थांबायला हवं. बाईंच्या यजमानांची गोळी ग्लिमेपिराइड आहे. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. अन्नातली साखर रक्तात यायच्या वेळी इन्सुलिन तयार असावं म्हणून ती न्याहारीच्या तोंडावर घेतात, आणि ती घेतल्यावर खायला उशीर झाला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. मेटफॉर्मिनचं काम वेगळं आहे. ते मुख्यतः यकृत जी साखर रक्तात सोडत असतं तिला आवर घालतं, आणि काही काम आतड्यातच करतं. स्वादुपिंडाला ते डिवचत नाही, म्हणून एकटं मेटफॉर्मिन साखर एकदम खाली पाडत नाही. जेवणाआधी घेऊन त्याचा काही जास्त गुण येत नाही. दोघांच्या चिठ्ठीवर ‘शुगरची गोळी’ एवढंच नाव असलं तरी घेण्याची रीत एक नाही.

पोट बिघडतं ते का, याचं एकच एक कारण नाही. गोळी गिळल्यावर मेटफॉर्मिन छोट्या आतड्याच्या भिंतीत साठतं आणि तिथे त्याचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त होतं. पित्तातली आम्लं एरवी आतड्याच्या शेवटच्या भागात परत शोषली जातात. मेटफॉर्मिनमुळे ती कमी शोषली जातात, मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथे पाणी ओढून शौच पातळ करतात. आतड्याच्या हालचाली वाढतात, आतल्या जिवाणूंची मांडणीही बदलते. हे सगळं मात्रेवर आणि वेगावर अवलंबून असतं. पोटात भाकरी-भाजी असेल तर साधी गोळी अन्नात मिसळते, सावकाश पुढे सरकते, आणि आतड्याला एकदम सगळा मारा सोसावा लागत नाही. शोषण थोडं कमीही होतं, पण साखरेवरच्या परिणामात त्याने सांगण्याजोगा फरक पडत नाही. रिकाम्या पोटी कोऱ्या चहाबरोबर घेतलेली गोळी एकाच जागी, एकाच वेळी विरघळते.

मेटफॉर्मिन सुरू करणाऱ्या साधारण चार-पाच जणांत एकाला पोटाचा काही ना काही त्रास होतो. बहुतेकांचा तो पहिल्या काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. शंभरात पाचेक जणांना मात्र काहीही केलं तरी ही गोळी सोसत नाही आणि ती बंद करावी लागते. बाई त्या पाचांतल्या आहेत की बाकीच्यांतल्या, हे ठरवण्याची वेळ अजून आलीच नव्हती, कारण त्यांनी गोळी नीट रीतीने एकदाही घेतलेली नव्हती.

आणखी तीन गोष्टी त्या घड्याळात लपलेल्या होत्या. मेथीची पूड उपाशीपोटी चमचाभर घेतली तर एरवीही बऱ्याच जणांचं पोट ढिलं होतं. शुगर-फ्री बिस्किटांच्या पुड्याची मागची बाजू मी बाईंना मोबाइलवर फोटो काढून पाठवायला सांगितली. त्यात माल्टिटॉल होतं. माल्टिटॉल, सॉर्बिटॉल ही गोडी आणणारी द्रव्यं आतड्यात पुरती शोषली जात नाहीत, उरलेली मोठ्या आतड्यात आंबतात, वायू धरतो आणि शौच पातळ होतं. मधुमेह निघाल्याच्या दिवसापासून माणूस एकाच वेळी गोळी, मेथी आणि शुगर-फ्री असं सगळं सुरू करतो आणि दोष सगळा गोळीच्या माथी जातो.

तिसरी गोष्ट चवीची. मेटफॉर्मिनने तोंडाला धातूची चव येते हे खरं. औषधाचा थोडा अंश लाळेत उतरतो, त्याचा हा परिणाम असावा. पोटाच्या त्रासाइतकी ही तक्रार सर्रास नाही, पण सुरुवातीच्या आठवड्यांत ती बऱ्यापैकी दिसते आणि सहसा सवयीने जाते. बाईंना मात्र मी नेमकं विचारलं, की चव पहिल्या दहा दिवसांत अशीच होती का? नाही. तेव्हा ‘जरा पांचट’ होती. कळकट झाली ती जुलाबाच्या गोळ्या आणल्यानंतर. गोळ्यांचं पाकीट पर्समध्येच होतं. त्यात टिनिडाझोल होतं. मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल ही औषधं तोंडाला धातूची चव आणण्यासाठी कुप्रसिद्ध आहेत, आणि मळमळही आणतात. हे जुलाब जंतूंचे नव्हतेच, त्यामुळे त्या गोळ्यांचा उपयोग काही नव्हता आणि त्रास मात्र दुप्पट झाला होता. त्या तिथेच बंद केल्या. जुलाब म्हटलं की काउंटरवरून असलं पाकीट सरकवायची आपल्या गावोगावची सवय हा वेगळा विषय आहे, पण नवं औषध सुरू केलेल्या माणसाने दुकानात निदान एवढं सांगावं, की माझं मेटफॉर्मिन नुकतंच सुरू झालं आहे.

पुढची पायरी अशी ठरली. मेटफॉर्मिन चार-पाच दिवस पूर्ण बंद. पाणी, पेज, ताक, मूगडाळीची खिचडी. ओआरएस घ्या म्हटल्यावर बाई दचकल्या: ‘त्यात साखर असते!’ असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि ते मीठ-पाणी आतड्यातून आत ओढून नेण्यासाठीच घातलेलं असतं. जुलाब होत असताना मधुमेही माणसाला घोट घोट ओआरएसने जितका धोका आहे त्यापेक्षा कोरडं पडण्याने कितीतरी जास्त आहे. मात्र दुकानातली गोड, रंगीत, ‘एनर्जी’ची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, पुड्यावरची नावं सारखी दिसतात, म्हणून वाचून घ्यायचं. मेथीची पूड आणि शुगर-फ्री बिस्किटं थांबवली, कारण सगळं थांबवून मग एका वेळी एकच गोष्ट पुन्हा सुरू केली तरच दोष कुणाचा ते कळतं.

पाचव्या दिवशी पोट पूर्ण शांत होतं. मग पुन्हा मेटफॉर्मिन, पण दुसऱ्या प्रकारचं: ५०० मिलिग्रॅम एसआर, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, दिवसातून एकदा, रात्रीच्या जेवणासोबत. दोन आठवडे एवढीच. साध्या गोळीने ज्यांचं पोट बिघडतं त्यांच्यातल्या अनेकांना एसआर सोसते. तीही जेवणाबरोबरच घ्यायची, पण तिचं कारण थोडं उलटं आहे: पोटात अन्न असेल तर ती जठरात जास्त वेळ राहते आणि औषध जास्त चांगलं शोषलं जातं.

‘जेवणासोबत’ म्हणजे नेमकं काय, यावर आम्ही बराच वेळ घालवला, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी वेळ तोच होता. ‘जेवणानंतर’ म्हटलं की कुणी हात धुऊन, ओटा आवरून, मालिका बघून झाल्यावर झोपताना गोळी घेतं. बाईंना सांगितलं, ताटाशेजारी गोळी ठेवा. अर्धी भाकरी पोटात गेली की घ्या, आणि मग उरलेलं जेवा. चहा-बिस्किट म्हणजे जेवण नाही. फळाची फोड म्हणजे जेवण नाही. भाकरी किंवा पोळी, भाजी, वरण, भात असं काहीतरी पोटात टिकणारं हवं. त्या रात्री खूप तिखट किंवा तळकट असेल तर गुरगुर वाढू शकते, पण त्यासाठी गोळी चुकवायची नाही.

बाईंचा लगेच प्रश्न: संकष्टीला काय? त्या दिवसभर उपवास करतात आणि चंद्रोदयानंतर जेवतात. तो उपवास तर या गोळीला सोयीचाच आहे. चंद्रोदय पावणेनऊला असो की साडेदहाला, गोळी त्या जेवणाबरोबर. एखाद-दोन तासांच्या फरकाने बिघडत नाही. एकादशीला रात्रीही उपवासाचंच असतं. त्यांना म्हटलं, भगर-आमटी किंवा राजगिऱ्याची भाकरी हे अन्नच आहे, गोळी त्यासोबत घ्या. साबुदाण्याच्या खिचडीने पोटाला त्रास नाही, साखरेला आहे, आणि ते बोलणं मी पुढच्या भेटीवर टाकलं. निर्जळी उपवासाच्या दिवशी मात्र गोळी त्या दिवसापुरती सोडून द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करायची नाही. हा नियम बाईंसारखं एकटं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांसाठी. ज्यांच्या पाकिटावर मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइडचं नाव आहे, त्यांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही ठरवू नये, कारण तिथे न खाता गोळी घेतली तर साखर घसरते. आपल्याकडे अशा जोडगोळ्या खूप दिल्या जातात आणि पाकिटावरचं दुसरं नाव बारीक अक्षरात असतं.

एसआर गोळी मोडायची, चावायची, कुटायची नाही. गोळी मोठी असते म्हणून सुरीने दोन तुकडे करणारे बरेच आहेत. हळूहळू सुटणारी गोळी मोडली की सगळं औषध एकदम सुटू शकतं, म्हणजे ज्या कारणासाठी ती लिहिली ते कारणच संपलं.

आठवड्याभराने बाईंचा फोन आला. आवाज गंभीर.

‘डॉक्टर, गोळी पचतच नाहीये. आज सकाळी तशीच्या तशी पडली.’

काही एसआर गोळ्यांचं हे असं होतं. औषध एका मऊ, जेलीसारख्या सांगाड्यात धरलेलं असतं. आतड्यातून जाताना औषध त्यातून झिरपून जातं आणि रिकामा सांगाडा शौचातून बाहेर पडतो, फुगलेला, पांढरट, आकाराने गोळीसारखाच. औषध शरीरात गेलेलं असतं. हे आधी सांगितलेलं नसेल तर माणूस साहजिकच दुसरी गोळी घेतो. बाईंनी घेतली नव्हती, आधी फोन केला, म्हणून बरं. पोट कसं आहे विचारलं तर म्हणाल्या, पोटाचं विसरूनच गेले होते.

चव जायला जास्त दिवस लागले. टिनिडाझोल थांबल्यावर दोन-तीन दिवसांत कळकटपणा निम्मा झाला, पण सकाळी उठल्यावर तोंडात हलकी धातूची चव राहिली, ती पुढचे तीनेक आठवडे. त्यावर फार काही करता येत नाही आणि फार काही करायची गरजही नसते. रात्री दात घासणं, जीभ साफ करणं, कोमट मीठ-पाण्याच्या गुळण्या, जेवणाआधी आल्याचा तुकडा मीठ-लिंबू लावून चघळणं, एवढं पुरतं. चव घालवायला लिमलेटच्या गोळ्या चोखत बसलं तर साखर वाढते, आणि शुगर-फ्री चोखल्या तर पुन्हा जुलाब. चवीमुळे जेवणच कमी झालं, वजन उतरत राहिलं किंवा महिना-दीड महिना होऊनही चव तशीच राहिली तर सांगायचं. मग हिरड्या, दात आणि बाकीची औषधंही पाहावी लागतात. मधुमेहात हिरड्या सुजणं काही दुर्मीळ नाही, आणि त्यानेही तोंडाला घाण चव येते.

डॉक्टरांना कधी सांगायचं, हे बाईंनी माझ्याकडून वहीत लिहून घेतलं. शिक्षिका असल्याचा हा फायदा.

पहिल्या एक-दोन आठवड्यांत हलकी मळमळ, पोटात गुरगुर, दिवसातून एखाद-दुसरी पातळ शौच, आणि तरीही जेवण जातंय, काम होतंय, तर थांबायला हरकत नाही. गोळी जेवणासोबतच जाते ना, एवढं तपासायचं. दोन आठवड्यांनंतरही तसंच राहिलं, किंवा त्रासामुळे गोळ्या चुकायला लागल्या, की त्याच आठवड्यात कळवायचं. गोळी बंद केली असेल तर ते सगळ्यात आधी सांगायचं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टर साखरेचा आकडा बघून पुढची मात्रा ठरवतात, आणि न घेतलेल्या गोळीवर मात्रा वाढवली की काय होतं ते बाईंनी स्वतः भोगलं होतं.

दुसरी पायरी त्याच दिवशी कळवायची. उलट्या थांबत नाहीत, पाणीही टिकत नाही, दिवसभरात पाच-सहा वेळा पाण्यासारखे जुलाब, ताप, लघवी कमी आणि गडद, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी. असं झालं तर मेटफॉर्मिनची पुढची गोळी घ्यायची नाही आणि डॉक्टरांना फोन करायचा. गोळीने जुलाब झाले असोत की गाड्यावरच्या पाणीपुरीने, नियम तोच. कारण मेटफॉर्मिन शरीरात बदलत नाही, जसंच्या तसं किडनीवाटे बाहेर पडतं. माणूस कोरडा पडला की किडनीचं काम मंदावतं, औषध साठत जातं, आणि क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल धोकादायक पातळीला चढतं. हे फार दुर्मीळ आहे. किडनी चांगली असलेल्या आणि खात्या-पित्या माणसाने त्याच्या भीतीने गोळी टाळू नये. पण झालं तर जिवावर बेतणारं असतं, आणि सुरुवातीला ते साध्या पोटदुखी-उलटीसारखंच दिसतं. म्हणून पोटाच्या त्रासासोबत श्वास जोरजोरात आणि खोल चालू झाला, अंग विलक्षण गळून गेलं, स्नायू दुखू लागले, माणूस पेंगुळला, अंग गार पडलं, तर फोनची वाट न बघता थेट रुग्णालयात. बाई आल्या त्या दिवशी मी त्यांच्या श्वासाकडे पाहत होतो ते यासाठी. किडनीचा आजार असलेले, यकृत बिघडलेले, रोज दारू घेणारे, यांच्या बाबतीत ही पायरी आणखी आधी चढायची.

तिसरी गोष्ट लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. गोळी महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षं सुखाने चालली आहे, मात्रा आणि पाकीट बदललेलं नाही, आणि एकदम भूक मेली, जुलाब लागले किंवा वजन उतरू लागलं, तर ‘मेटफॉर्मिनने होतं असं’ म्हणून सोडून द्यायचं नाही. सुरुवातीचा त्रास गोळीचा असतो; उशिरा आलेल्या त्रासाचं कारण बहुधा दुसरं असतं आणि ते शोधावं लागतं. त्याआधी एक साधी गोष्ट मात्र पाहावी: दुकानदाराने या वेळी एसआरऐवजी त्याच नावाची साधी गोळी तर दिली नाही ना. तसं होताना मी पाहिलं आहे.

बाईंचं पुढे असं झालं. दोन आठवड्यांनी ५०० च्या दोन एसआर गोळ्या, दोन्ही रात्रीच्या जेवणासोबत. तीन-चार दिवस शौच जरा पातळ, मग ठीक. आणखी तीन आठवड्यांनी १५०० पर्यंत नेऊन पाहिलं. त्याला मात्र पोट ऐकेना. दोन आठवडे वाट पाहिली, जेवणाची वेळ, पदार्थ सगळं तपासलं, तरी शाळेत सकाळी एकदा तरी धावावं लागायचंच. मग परत १००० वर आलो आणि तिथेच थांबलो. मेटफॉर्मिनचा सगळ्यात जास्त गुण २००० च्या आसपास मिळतो हे खरं, पण रोज नेमाने घेतलेल्या १००० चा गुण कपाटात पडलेल्या २००० पेक्षा जास्त असतो. तीन महिन्यांनी एचबीए१सी ७.२ आली. त्यात संध्याकाळच्या चालण्याचा आणि भात कमी केल्याचाही वाटा आहे, गोळीचा किती ते वेगळं काढून सांगता येणार नाही. ७ च्या खाली आणायला दुसरं औषध जोडायचं का, हे पुढच्या तीन महिन्यांच्या तपासणीवर ठेवलं आहे. मेथीची पूड त्यांनी पुन्हा सुरू केली आहे, आता आमटीत घालून. तिच्याबद्दल पोटाची तक्रार नाही. क्रिएटिनिन वर्षातून एकदा करायचं, आणि गोळी काही वर्षं चालली की बी-१२ ची पातळीही पाहायची, कारण मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यावर ते कमी होऊ शकतं.

पुण्याच्या डॉक्टरांना मी हे सगळं चिठ्ठीवर लिहून पाठवलं: दहा दिवसांनंतर गोळी बंद होती, २००० सोसलं नाही, आता १००० एसआर रात्रीच्या जेवणासोबत चालू आहे. बाईंनी ती चिठ्ठी त्यांना नेऊन दिली. ते रागावले नाहीत. त्यांनी आपल्या कागदावर १००० लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.